लेबल अ‍ॅड्रेनलिनचं, आत पाणी

आमच्या नर्सिंग कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये बावीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंना मुली पाठीमागे 'तोफ' म्हणतात. मी त्यांच्या हाताखालची शिक्षिका, त्यामुळे पहिला गोळा नेहमी माझ्यावर. घरी नवऱ्याशी वाजलं की दुसऱ्या दिवशी सरावाच्या पुतळ्यालाही दोन शब्द ऐकावे लागतात. पण इंजेक्शन द्यायला त्यांच्याइतकं कुणी शिकवत नाही.

परवा दुपारी धडा होता तीव्र अ‍ॅलर्जीचा. पुतळा खाटेवर, बाजूला ट्रे. एक मुलगी मागे गप्प बसली होती. मधल्या सुट्टीत मैत्रिणीचं बिस्किट खाल्लं होतं तिनं. ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, श्वासाला शिट्टी वाजू लागली.

"पित्त उठलंय, अ‍ॅलर्जीची गोळी देऊ का?" मी विचारलं. आजही स्वतःचा राग येतो.

"गोळी? घसा बंद होतोय तिचा!" बाईंनी तिला जमिनीवर आडवं केलं, पाय खुर्चीवर ठेवले. "धाव वॉर्डात! अ‍ॅड्रेनलिन, ऑक्सिजन, डॉक्टर!"

तेवढ्यात एका विद्यार्थिनीनं ट्रेमधली सिरिंज उचलली. लेबलावर चक्क अ‍ॅड्रेनलिन लिहिलेलं. बाईंनी तिच्या हातावर फटका मारला. "ठेव ती! सरावाची आहे, पाणी आहे त्यात!"

मी दोन मजले उतरले. वॉर्डातलं कपाट कुलूपबंद, किल्ली इन्चार्ज सिस्टरच्या खिशात आणि सिस्टर मीटिंगला निघालेल्या! जिन्यावर गाठून किल्ली अक्षरशः हिसकावली. वॉर्डातल्या नर्सनं ऑक्सिजन उचलला आणि डॉक्टरांना फोन लावतच आली. मी अ‍ॅड्रेनलिन घेऊन लॅबमध्ये पोचले तेव्हा मुलीचे ओठ निळसर होते. बाईंनी मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, कपड्यावरूनच अर्धा मिलिग्रॅम स्नायूत दिलं, वेळ लिहिली, ऑक्सिजन लावला. पाच मिनिटांनी शिट्टी तशीच होती, म्हणून दुसरा डोस दिला. मग कुठे श्वास मोकळा झाला.

"आता बरं वाटतंय, बाथरूमला जाते," मुलगी उठू लागली.

"उठलीस तर बघ!" बाई गरजल्या. "आत्ता उभी राहिलीस तर पडशील ती कायमची." डॉक्टर आले, सलाईन लावलं आणि तिला स्ट्रेचरवर आडवंच वॉर्डात नेलं. रिअ‍ॅक्शन पुन्हा उलटू शकते म्हणून रात्रभर देखरेख होती. ती वाचली.

संध्याकाळी प्राचार्या म्हणाल्या, "रजिस्टरमध्ये चक्कर आली म्हणून लिहा. उगाच गवगवा नको."

बाईंनी खडू उचलला आणि दाराबाहेरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'श्वास, घसा किंवा रक्तदाब बिघडला की आधी अ‍ॅड्रेनलिन, मांडीत. गोळ्या नंतर. अंगावर गांधी नसल्या तरी थांबू नका. पेशंटला उभं करू नका.'

मला वाटलं, संपलं. पण खडू थांबला नाही. खाली लिहिलं: 'या लॅबमध्ये खरं औषध नाही, हे मला सहा महिने माहीत होतं. मी एकदा मागितलं, नकार आला आणि मी गप्प बसले.' त्याखाली स्वतःची सही केली.