लिस्टिंगमधली एक ओळ

मुलुंडला मैत्रिणीच्या घरातल्या मागच्या खोलीत आमचा धंदा होता. कॉलेजपासूनची मैत्रीण. माल आणायचा आणि गिऱ्हाईक सांभाळायचं तिने, वेबसाइटवरची लिस्टिंग, म्हणजे वस्तूंची नावं-वर्णनं, लिहायची आणि पार्सलं रवाना करायची मी. केसांचं तेल, दाढीचे ट्रिमर आणि अंगावर मारायचे स्प्रे, एवढंच विकायचो.

पहिल्याच महिन्यात कुरियरवाल्याने पार्सलं परत आणली. लेबलवर वस्तूचं नाव लिस्टिंगमधून आपोआप छापलं जायचं, आणि मी नुसतं ‘हेअर ऑइल’ लिहिलं होतं. तेल म्हणजे पेटणारं, असं समजून कुरियरच्या हबवर, म्हणजे पार्सलं गोळा होतात त्या केंद्रावर, ते बाजूला काढलं गेलं. ‘रिचार्जेबल ट्रिमर’ बघून बॅटरी सुटी आहे की आत, हे कुणालाच कळेना.

मी भांडुपच्या हबवर गेले. तिथले सुपरवायझर साताऱ्याकडचे, पन्नाशीतले. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण त्यांनी स्टूल पुढे केलं आणि समजावून सांगितलं. शब्द गोलमोल ठेवला की आमचा माणूस घाबरतो आणि पार्सल नाकारतो, म्हणाले. जे आहे ते सरळ लिहा.

मग मी त्यांच्यासमोर बसूनच लिहिलं. तेलाला: ‘ज्वलनशील नाही, सीलबंद बाटली, गळू नये म्हणून वेगळ्या पिशवीत’, आणि सोबत उत्पादकाचं सेफ्टी शीट. ट्रिमरला: ‘लिथियम बॅटरी यंत्रातच बसवलेली, सुटी बॅटरी पाठवत नाही.’ स्प्रेला: ‘एरोसोल, ज्वलनशील. फक्त सरफेसने, म्हणजे रस्त्याने जाईल, विमानाने नाही. पोचायला जास्त दिवस लागतील.’ स्प्रेच्या लिस्टिंगमध्ये ‘धोकादायक माल’ असा एक चौकोन होता, त्यावर टिक केली. ती टिक असली की सिस्टीम विमानाचा पर्यायच देत नसे.

त्यानंतर पार्सलं परत येणं थांबलं. सुपरवायझर मला ताई म्हणू लागले. तुमचं लेबल बघितलं की खोका उघडून बघायची गरज वाटत नाही, असं एकदा म्हणाले. मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

मैत्रिणीला मात्र ती स्प्रेची ओळ खुपायची. गुवाहाटीची, कोलकात्याची गिऱ्हाइकं ‘जास्त दिवस’ वाचून पळतात, असं तिचं म्हणणं. ओळ जरा मऊ कर ना, असं ती दोनदा म्हणाली. मी नाही म्हटलं. तिने विषय सोडला, असं मला वाटलं.

एका दुपारी सुपरवायझरांचा फोन आला. आवाजात ताई नव्हती. विमानतळावरच्या एक्स-रेमध्ये आमची सात पार्सलं अडकली होती. सातहींमध्ये स्प्रेचे डबे, आणि लेबलवर छापलेलं: ‘सुगंधी प्रसाधन’.

मी लिस्टिंग उघडली. माझी ओळ गेली होती. चौकोनातली टिकही गेली होती. बदलांच्या नोंदीत मैत्रिणीचं लॉगिन होतं, तीन आठवड्यांपूर्वीचं. लेबलं आपोआप छापली जायची, ती वाचायचं मी केव्हाच सोडलं होतं. तीन आठवडे आम्ही रोज एकाच डब्यातलं जेवत होतो.

ती शेजारीच पॅकिंग करत होती. मी स्क्रीन तिच्याकडे वळवला. तिने बघितलं आणि ती टेप कापत राहिली.

“मी खोटं कुठे लिहिलंय?” ती म्हणाली. “सुगंधी आहे, प्रसाधन आहे. सगळं शब्दांवर असतं, हे तूच शिकवलंस ना गं?”

मी विचारलं, कुरियरवाल्यांशी तुझं बोलणं झालंय का. तिने होकाराची मान हलवली. सकाळीच त्यांच्या ऑफिसातून फोन आला होता, आणि लिस्टिंग ती नाही, मी लिहिते, तेव्हा चूक माझीच असेल, असं तिने त्यांना सांगून टाकलं होतं. अगदी सहज सांगितलं तिने मला हे. माझ्याशी त्यांचं बरं आहे, मला ते सांभाळून घेतील, असा तिचा हिशेब.

मी नोंदीची प्रिंट घेऊन भांडुपला गेले. कुरियरकडचं आमचं खातं तोवर बंद झालं होतं. पार्सलं न उघडता पुढे सोडली म्हणून सुपरवायझरांना लेखी खुलासा द्यायला सांगितलं होतं. त्यांनी प्रिंट वाचली, घडी घालून खुलाशाला जोडली.

“तुम्ही नाही केलंत, ते कळलं,” ते म्हणाले. “पण मी तुमच्या भरवशावर सोडली होती.”

मैत्रिणीबरोबरचं काम मी त्याच आठवड्यात सोडलं. तिने फोन केले नाहीत, मीही नाही. आता मी घाटकोपरच्या एका प्रसाधनांच्या दुकानासाठी लिस्टिंग लिहिते. त्यांची पार्सलं त्याच हबवरून जातात. सुपरवायझर अजून तिथेच आहेत. भेटले की चहा विचारतात. मी आणलेला प्रत्येक खोका मात्र ते माझ्यासमोर उघडायला लावतात, आतला डबा लेबलशी ताडून बघतात आणि मगच शिक्का मारतात. तोवर मी काउंटरच्या अलीकडे उभी असते.