मागचा रंग

हिरामण पेंटरचं अक्षर दोन रंगांनी बनायचं. लाल ऑइलपेंटने तो ते आधी जरा जास्तीचं भरून घ्यायचा, सुजल्यासारखं. लाल वाळला की पाटीच्या पिवळ्या रंगात ब्रश बुडवून बाहेरून कडा कापायचा. ‘ल’च्या गाठीत, ‘भ’च्या वळणात पिवळा भरला की तिथं भोक पडल्यासारखं दिसायचं. चूकही तशीच झाकायची. मागचा रंग पुढे आणायचा, एवढाच त्याचा सगळा हिशोब. चाळीस वर्षं तो हिशोब चुकला नव्हता.

फ्लेक्स आला तेव्हा पंचवटीतले बाकीचे पेंटर भाजीच्या गाड्यांवर, सिक्युरिटीत, कुठे कुठे गेले. हिरामण शटरं आणि शाळांच्या भिंती रंगवत राहिला. मग शाळाही भिंतींवर फ्लेक्स ठोकू लागल्या. त्याच्या पाट्या उतरत गेल्या. उतरलेली पाटी कुणी ठेवत नाही. पत्रा भंगारात जातो, कधी कोंबड्यांच्या खुराड्यावर. एकदा तर रस्त्याच्या कडेला त्याला आपलाच ‘क्ष’ उलटा दिसला, वर दगड ठेवलेला.

एक पाटी उरली होती. भांडी बाजारातलं ललिता भांडी भांडार. वडिलांमागे दुकान चालवणाऱ्या दिनेशने एक दिवस त्याला हाक मारली.

“काका, पत्रा सडलाय. फ्लेक्स लावतोय आता, आत लाइटवाला. पण अक्षर तुमचंच पाहिजे. आमचे दादा जाताना म्हणाले होते, दुकान रंगवा, पाडा, काय करायचं ते करा, अक्षराला हात लावू नका.”

“फ्लेक्सवर मी कसा काढणार?”

“कॉम्प्युटरवर काढा. दिवाळीच्या आधी द्या.”

हिरामण घरी आला आणि दोन दिवस जुने ब्रश साफ करत राहिला. त्याला मशीनचा राग नव्हता. कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसायचं म्हणजे हरलो हे तोंडाने म्हणायचं, असं त्याला वाटत होतं. पण ही पाटी गेली की त्याचं अक्षर या शहरात कुठेच राहणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याने मुलीला फोन केला.

शुभांगी चांदवडला दिली होती आणि तिथल्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका जुळवायची. प्रेसमधला जुना कॉम्प्युटर घेऊन ती रविवारी आली. जुन्या पाटीचा समोरून काढलेला फोटो तिने कोरल या अक्षरं-चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये घेतला आणि हलू नये म्हणून लॉक केला.

“अप्पा, आता यावरून गिरवायचं. पण रेघ ओढायची नाही. फक्त टिंबं द्यायची, मधली रेघ तो काढतो.”

“म्हणजे हात माझा नाहीच.”

“टिंब कुठे द्यायचं ते तुम्हीच ठरवणार ना?”

टिंबाला ती नोड म्हणायची. नोडमधून दोन बाजूंना मिशा निघायच्या. मिशी लांब ओढली की वळण फुगायचं, आखडली की चपटं व्हायचं. हिरामणने पहिल्या ‘ल’ला साठ नोड दिले. तो ‘ल’ उंदराने कुरतडल्यासारखा दिसला.

“जितके जास्त नोड तितकं वळण खडबडीत,” शुभांगी म्हणाली. “वळण जिथं दिशा बदलतं तिथंच द्या. आणि ही आपोआप गिरवायची सोय वापरू नका. ती पत्र्यावरचा गंजसुद्धा गिरवते.”

“मग ती माझ्यापेक्षा इमानदार आहे.”

ती हसली. तो हसला नाही.

भाद्रपद गेला. माऊस त्याच्या हातात साबणासारखा निसटायचा. ब्रश धरताना तो करंगळी पाटीला टेकवायचा. इथे टेकवायला काहीच नव्हतं. पण ‘ल’चे नोड साठावरून चौदावर आले. टोकदार नोड कुठला आणि गुळगुळीत कुठला, हे त्याला कळायला लागलं. अक्षर मोठं केलं तरी कड फाटत नव्हती. चिमणीएवढा ‘भ’ भिंतीएवढा केला, तरी कड ब्लेडने कापल्यासारखी. हे पाहून तो पहिल्यांदा बराच वेळ खुर्चीतून उठला नाही. कुठलाही पत्रा असा टिकत नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि ते त्याला आवडलं याची त्याला लाज वाटली.

गाठीतली आणि वळणातली भोकं उरली होती. शुभांगीला प्रेसमध्ये तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिकांचं काम लागलं, ती तीन रविवार आली नाही. हिरामणने आपल्या पद्धतीने केलं. लाल अक्षर जरा भरलेलं काढलं आणि त्यावर पिवळे तुकडे ठेवले. गाठीत एक, वळणात एक, कड जिथं जाड वाटली तिथं बारीक एक. मागे पिवळा चौकोन होताच. पडद्यावर ती त्याची पाटी होती, अगदी तीच.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी त्याने फाइल दिंडोरी रोडला फ्लेक्स छापणाऱ्या योगेशच्या दुकानात दिली. मशीनवर कुणाच्या तरी वाढदिवसाचे वीस फ्लेक्स रांगेत होते. योगेशने फाइल उघडली.

“वा काका! हे तुम्ही गिरवलं?”

“बारा बाय तीन आहे. माप बघून घे.”

“दिनेशभाऊंचा फोन होता. मागे तांब्याच्या हंड्यांचा फोटो पाहिजे म्हणाले.”

योगेशने पिवळा चौकोन उडवला आणि फोटो टाकला. लाल अक्षरांच्या अंगावर पिवळे तुकडे चिकटून राहिले. फोडांवर मलम लावल्यासारखे. गाठीत पिवळं, वळणात पिवळं, कडेला पिवळ्या चकत्या.

“हे काय?” योगेश म्हणाला.

“भोकं आहेत ती.”

“काका, ही भोकं नाहीत, वर ठेवलेली ठिगळं आहेत. भोक म्हणजे तिथं काही नसायला पाहिजे. वरच्या तुकड्याने खालचं कापून काढायचं असतं.” त्याने एक तुकडा आणि ‘ल’ निवडून करून दाखवलं. पिवळा गेला आणि गाठीतून तांब्याचा हंडा दिसू लागला. “असे किती आहेत?”

“मोजले नाहीत. सत्तर-ऐंशी असतील.”

“सगळे करायचे तर मला वेळ नाही. उद्या सकाळी लावायचाय, पहाटेच छापावा लागेल. तुम्ही घरी करून आणता?”

हिरामण घरी आला. तुकडा निवड, अक्षर निवड, काप. निवडायचा क्रम चुकला की अक्षर जायचं आणि तुकडा राहायचा. बारीक चकत्या हाताला लागत नव्हत्या. फोनवर शुभांगी म्हणाली, “अप्पा, मला आधी का नाही विचारलं?” त्याच्याकडे उत्तर होतं. पाटी रंगवताना कुणाला विचारावं लागत नाही. त्याने फोन ठेवला आणि पुढचा तुकडा निवडला.

सकाळी दहाला काम झालं. प्रत्येक भोकात खरोखर काही नव्हतं. पेनड्राइव्ह खिशात घालून तो योगेशकडे गेला. दुकान बंद होतं. तिथून तो भांडी बाजारात आला.

फ्लेक्स वर चढला होता. योगेशने तयार फॉन्ट टाकला होता, त्यातल्या त्यात जवळचा. फ्रेमएवढा करायला तो आडवा ताणला होता. उभ्या रेघा जाड झाल्या होत्या, आडव्या तशाच बारीक. ‘भ’ आजारातून उठलेल्या माणसासारखा पाय फाकवून उभा होता. जुना पत्रा खाली भिंतीला टेकवलेला होता, भंगारवाल्याची हातगाडी बाजूलाच.

दिनेश पेढ्यांचा बॉक्स घेऊन बाहेर आला.

“या काका! बघा, अक्षर काय आलंय. दादा असते तर... तुमचा हात कुठेही ओळखू येतो.”

हिरामणने वर पाहिलं, मग दिनेशच्या तोंडाकडे. तिथं थट्टा नव्हती.

“हो,” तो म्हणाला, आणि पेढा घेतला.