साहेबरावांची कोरकू

कासारवाडीच्या साहेबरावांना कोरकू बोली येते, ही गोष्ट चाकणच्या त्या कारखान्यात गेटवरच्या वॉचमनपासून वरच्या साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. येत नव्हती, हे फक्त साहेबरावांना ठाऊक होतं. आणि तेसुद्धा त्यांनी मनातल्या मनात इतकं खोल गाडून ठेवलं होतं, की अलीकडे त्यांनाही ते आठवत नसे.

आता खरं काय ते सांगायचं तर, बाविसाव्या वर्षी आयटीआय करून माणूस विजेचे खांब रोवणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागला आणि दोन वर्षं मेळघाटात धारणीच्या बाजूला राहिला. तिथल्या कोरकू आदिवासींकडून पाणी मागायला, जेवण झालं का विचारायला, इकडे ये-तिकडे जा म्हणायला चाळीसेक शब्द शिकला. बस, एवढीच पुंजी. पुढे वडिलांसारखाच कारखान्यात चिकटला, वाढत वाढत पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस शॉपचा सुपरवायझर झाला, सुरक्षेचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं. आठ महिन्यांपूर्वी ठेकेदाराने धारणीकडची आठ कोरकू माणसं आणली, तेव्हा साहेबरावांनी गेटवरच त्यांना त्यांच्या बोलीत जेवलात का असं विचारलं. आठही जणांचे चेहरे असे काही उजळले, की विचारू नका. त्या दिवसापासून साहेबराव कोरकूवाले झाले. माणूस वाईट नाही हो, पण कौतुकाची चटक वाईट.

नव्या माणसाला प्रेसवर उभं करण्याआधी शिकवायचं आणि कागदावर सही घ्यायची, अशी पद्धत. कागदावर छापलेलं असतं, ‘प्रशिक्षण कामगाराच्या मातृभाषेत दिले.’ खाली शिकवणाऱ्याची सही, शेजारी शिकणाऱ्याची. साहेबरावांनी चाळीस शब्द, थोडे हातवारे आणि भरपूर आपुलकी यांच्यावर आठ माणसांचं प्रशिक्षण उरकलं होतं. शेवटी समजलं का विचारलं. आठही जण हो म्हणाले. आठ कागद फायलीत गेले, एकेक प्रत माणसांच्या हातात.

एका शनिवारी पर्सोनेल खात्यातला सुजित, वयाने यांच्या निम्मा, हसत हसत आला. “काका, सोमवारी अकराला ऑडिट आहे. प्रेसवर कामगारांच्या भाषेत बोर्ड हवेत म्हणतायत. ओडिया, बंगाली मी बाहेरून करून घेतो. कोरकूचं टेन्शनच नाही, तुम्ही आहात.”

“हां, देतो की,” साहेबराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

रविवारी दुपारी घरी कागद-पेन घेऊन बसले आणि घामाघूम झाले. प्रेसच्या साच्यात पत्र्याचा तुकडा अडकला तर काय करायचं, एवढंच लिहायचं होतं. कुलूप या शब्दापाशी अडले. ‘थांबेपर्यंत’पाशी तर पार बुडाले. मुलगी मैत्री हिंजवडीला नोकरीला. तिने बापाचे हाल बघून फोनमधला तो विचारलं की लिहून देणारा एआय उघडून दिला आणि झोपायला गेली. साहेबरावांचा जीव भांड्यात पडला. यंत्राला सगळं येतं, लिहून देईल, आपण खाली नाव घालू, मिटलं. त्यांनी मराठीत सगळी हकीकत टाईप केली आणि शेवटी फर्मावलं, कोरकूत लिहून दे.

उत्तर मराठीत आलं. “हे काम कोरकूत भरवशाने करणं मला जमणार नाही. कोरकू फार कमी लिहिली जाते, त्यामुळे मला शिकायला मजकूरही फार कमी मिळाला आहे. मी लिहिलेलं वाक्य बरोबर असल्यासारखं दिसेल, पण ते चुकलं असेल तर ते मला कळणार नाही. प्रेसवरच्या सूचनेसाठी हा धोका घेऊ नये.”

साहेबरावांनी पस्तीस वर्षं कारखान्यात काढली, ठेकेदार बघितले, इंजिनिअर बघितले, मोठमोठे साहेब बघितले. मला येत नाही असं सरळ तोंडावर सांगणारा एकही माणूस त्यांनी पाहिला नव्हता. आणि हे यंत्र खुशाल सांगून मोकळं. त्यांना आधी रागच आला. अरे, मग तू कसला हुशार?

त्यांनी पुन्हा लिहिलं, येईल तेवढं तरी लिही.

यंत्राने तेवढं खरंच लिहिलं, आणि ते जास्त वाईट झालं. हात, पाणी, जेवण असे चार-पाच शब्द दिले आणि पुढे म्हटलं, “यांच्याबद्दल मला बऱ्यापैकी खात्री आहे. कुलूप, स्विच यांना तुमच्याकडची माणसं काय म्हणतात ते मला माहीत नाही. कदाचित हिंदीच शब्द वापरत असतील. ‘हे आधी, ते झाल्यावरच दुसरं’ अशी वाक्यरचना माझ्याकडून चुकू शकते, आणि तुमच्या कामात क्रम चुकला तर हात जाऊ शकतो. त्याऐवजी मी अगदी सोप्या हिंदीत लिहून देऊ का? एका ओळीत एकच काम, रोजच्या बोलण्यातले शब्द. मात्र त्यांना हिंदी किती समजते ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे का?”

साहेबरावांनी ते तीन शब्द पुन्हा वाचले. हात, पाणी, जेवण. त्यांच्याकडे तरी याहून जास्त काय होतं? जेवढ्या शब्दांवर यंत्राने एक बोर्ड लिहायला नकार दिला, तेवढ्याच शब्दांवर त्यांनी आठ माणसं प्रेसवर उभी केली होती. आणि त्या माणसांना हिंदी किती येते, हे आठ महिन्यांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. कशाला विचारतील, कोरकू येत होती ना यांना.

त्यांनी लिहिलं, हिंदीत दे. ओळी आल्या.

लाल बटन दबाओ.
बड़ा चक्का पूरा रुकने दो. देखते रहो.
मेन स्विच बंद करो.
उस पर अपना ताला लगाओ. चाबी अपनी जेब में रखो.
साँचे के बीच में पीला गुटका रखो.
अब चिमटे से टुकड़ा निकालो. हाथ से नहीं.

खाली एक सूचना होती. “बोर्ड लावून थांबू नका. ‘समजलं का’ विचारलं की माणसं हो म्हणतात. त्यांना बंद प्रेसवर करून दाखवायला सांगा. ज्याला कोरकू आणि थोडी हिंदी दोन्ही येतात, अशा माणसाकडून बाकीच्यांना त्यांच्या बोलीत सांगवून घ्या. ते सांगणं माझ्यापेक्षा तो बरोबर करेल.”

सोमवारी सकाळी सातला साहेबरावांनी चार नंबरचा प्रेस चालू होऊच दिला नाही. त्यावर भैरू कासदेकर असायचा, पस्तिशीचा, कमी बोलणारा, आठ जणांतला थोरला. सुजित धावत आला. “काका, आज कशाला? अकराला ते लोक येतायत.”

“सुजित, मला कोरकू येत नाही.”

सुजित हसला. मग साहेबरावांच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू विरलं.

साहेबराव भैरूला म्हणाले, “टुकड़ा अटक गया. मशीन बंद है, डरो मत. रोज जैसा करते हो, वैसा करके दिखाओ.”

भैरूने लाल बटण दाबल्यासारखं केलं. आणि सरळ उजवा हात कोपरापर्यंत साच्यात घातला.

लाल बटणाने फक्त मोटर बंद होते. वरचं ते अवजड चाक त्यानंतरही कितीतरी वेळ आपल्या वेगाने फिरत राहतं आणि त्याच्या जोरावर वरचा साचा एकदा खाली येऊ शकतो. शॉपमधल्या जुन्या माणसांना हे झोपेतही माहीत असतं. सुजितने भिंतीला हात टेकला.

“और ताला?” साहेबरावांनी विचारलं.

“ताला घर जाने के टाइम,” भैरू म्हणाला. घराला लावतात तसं, सुटी झाली की मशीनला लावायचं, असा त्याचा आठ महिन्यांचा समज. हात साच्यात असताना दुसऱ्या कुणी स्विच चालू करू नये म्हणून ते असतं, हे त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

“पीला गुटका?”

भैरूने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. वरचा साचा खाली येऊ नये म्हणून मध्ये ठेवायचा तो पिवळा लोखंडी ठोकळा भिंतीला लागून होता, वर पोत्याची घडी. जेवायला बसायची जागा.

साहेबराव त्याच ठोकळ्यावर बसले. डोळ्यांपुढे हिशेब नको म्हटलं तरी येत होता, रोज दोन-तीनदा तुकडा अडकतो, आठ महिने. त्यांनी भैरूकडे बघून तुटक्या हिंदीत सांगितलं, “भैरू, मेरे को तुम्हारी बोली नहीं आती. थोड़ा-थोड़ा आता है. मैंने झूठ बोला.”

“मालूम है साहब,” भैरू म्हणाला.

“मालूम था? फिर सिखाया तब हाँ क्यों बोला?”

भैरू म्हणाला, “आप खुश थे. इधर हमारी बोली कोई नहीं बोलता. हम ना कैसे बोलें?”

भैरूने शिव्या दिल्या असत्या तर साहेबरावांना सोपं गेलं असतं. ते उठले आणि त्या सहा ओळी एकेक करून त्याला सांगितल्या. भैरूने एकेक करून दाखवल्या. तिसऱ्यांदा कुठेही न अडखळता किल्ली खिशात टाकली, ठोकळ्यावरचं पोतं काढलं, ठोकळा जागेवर ठेवला. मग त्याने बाकीच्या पाच जणांना बोलावलं आणि आपल्या बोलीत समजावलं. ते मध्येच थांबवून विचारत होते, भैरू पुन्हा सांगत होता. आठ महिन्यांत त्यांनी साहेबरावांना एकही प्रश्न विचारला नव्हता.

पाच. साहेबरावांनी परत मोजले. ठेकेदाराची माणसं, कोण आलं कोण गेलं ते ठेकेदारालाच ठाऊक.

“आठ थे ना? बाकी दो?”

“वो दिवाली के बाद दूसरी कंपनी गए. उधर भी प्रेस है.” भैरू जरा खुशीने पुढे म्हणाला, “आपका साइन वाला कागज़ दिखाया. वो बोले, सीखा हुआ आदमी है. सीधा मशीन पर लगाया.”

सुजित काहीतरी बोलत होता, ऑडिटचं, फायलीचं. साहेबरावांना ऐकू आलं नाही. त्यांच्या सहीचे दोन कागद बाहेर फिरत होते आणि त्या कागदांच्या भरवशावर दोन माणसं कुठल्यातरी शेडमध्ये आत्ता, या मिनिटाला, साच्यात हात घालत होती.

“फोन लगाव,” ते म्हणाले. “अभी लगाव.”

पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. साहेबराव भैरूचं मनगट धरून उभे होते आणि ते सोडायचं त्यांना सुचत नव्हतं. तिसऱ्यांदा पलीकडून आवाज आला, मागे प्रेसचा धाडधाड. भैरू कोरकूत बोलायला लागला. सावकाश, सहाच्या सहा गोष्टी, मधूनमधून थांबत. चाळीस शब्दांचे धनी साहेबराव कान देऊन ऐकत होते. ‘हात’ हा एक शब्द सोडून त्यांना काही कळलं नाही.

पलीकडचा माणूस मोठ्याने काहीतरी म्हणाला.

“क्या बोला?” साहेबरावांनी विचारलं.

भैरूने त्यांच्याकडे न बघता सांगितलं, “दूसरे वाले की दो उँगली पिछले हफ्ते गई. वो पूछता है, यह बात साहब ने पहले क्यों नहीं बताई.”