आखोचा तिसरा अर्थ

माझा मामा सारंगखेड्याच्या शाळेत मास्तर होता. निवृत्तीनंतर त्याने अहिराणी शब्दांवर परिच्छेद लिहिले, एका शब्दाला एक. आमच्या लोणखेड्याच्या कॉलेजात कोशाचं काम निघालं, तेव्हा ते संगणकावर चढवायला माझ्याकडे आले. पण तोवर मामाला पक्षाघात झाला होता. उजवा हात गेला आणि वाचाही.

परिच्छेद वाचायला गोड, पण कोशाला रकाने लागतात: नोंदशब्द, शब्दजात, अर्थ, उदाहरण. ‘आखो’वर मामाने लिहिलं होतं, ‘पाहुण्याला निरोप देताना म्हणतात, आखो येजो. वाढताना म्हणतात, आखो भाकर ले. रागात म्हणतात, तेव्हा मात्र गोष्ट न्यारी.’

नोंदशब्द भरला. ‘येजो’सोबत क्रियाविशेषण, अर्थ ‘पुन्हा’. ‘भाकर’सोबत विशेषण, अर्थ ‘आणखी’. दोन्ही वाक्यं त्याचीच, जशीच्या तशी उदाहरणात टाकली. तिसऱ्या अर्थाला मात्र ना वाक्य, ना व्याख्या, आणि रकाना रिकामा राहिला की नोंद जतन होईना. कोशाचं काम बघणाऱ्या आमच्या बाईंचा नियम होता की उदाहरण बोलणाऱ्याचंच हवं, आपण रचायचं नाही.

रविवारी एसटीने मामाकडे गेले. खाटेशी बसून परिच्छेद वाचून दाखवला. “मामा, रागात म्हणजे कसं म्हणायचं?”

त्याचे ओठ हलले. “तो... तो...”

“तेस्ले बठ्ठं समजस,” मामी म्हणाली, “पन सांगता येत नही.”

मी विचारलं, “आखो काय? म्हणजे अजून काय राहिलं, असं?”

त्याने मान हलवली. नाही.

मामीने पोरावर ओरडल्यासारखं करून दाखवलं, “आखो करशी?”

नाही. मी आणखी दोन-तीन वाक्यं सुचवली. नाही, नाही. डाव्या हाताने त्याने चादर मुठीत धरली, जोर लावला, चेहरा लाल झाला. “तो... तो...” मग डोळे भरून आले. मामी मला म्हणाली, “ऱ्हाऊ दे पोरी.”

माझ्या आईकडून, शेजारणींकडून मला रागाची पाच वाक्यं मिळाली असती. पण मामाच्या मनातलं त्यातलं कोणतं, हे कोण सांगणार?

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “तिसरा अर्थ काढून टाक. टिपेत लिही, लेखकाने उल्लेख केला, खुलासा मिळाला नाही.” तसं केलं. नोंद लगेच जतन झाली.

पुढच्या खेपेला छापील पान घेऊन गेले. नोंद मोठ्याने वाचली: आखो, पहिला अर्थ, दुसरा अर्थ. टीप वाचायचं धाडस झालं नाही. मामा ऐकत होता. वाचून झाल्यावर त्याने डावा हात वर केला आणि तीन बोटं दाखवली.

“हो मामा,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार. मामीने चहा आणला, तरी तो हात तसाच वर होता.