हत्ती, मगर आणि कावेरीबाईंचा डोळा

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनला उतरलो तेव्हा खांद्यावरची पिशवी कपड्यांपेक्षा टिपणवह्यांनीच जड झाली होती. पोथीला अक्षरार्थ, रूपकार्थ आणि गूढार्थ असे तीन थर असतात, हे मी पुण्यात बारा वर्षं शिकवतोय. ते एकदा समजूनही घ्यावं, म्हणून इथवर आलो.

लोकलने तांबरमला प्रवचनकार व्यंकटरावांकडे गेलो. घराणं तंजावरचं, मराठी जुन्या वळणाची. त्यांच्या पत्नी कावेरीबाई पान चाचपून सांबार वाढत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शस्त्रक्रियेला घरचं माणूस सोबत लागतं आणि व्यंकटरावांच्या प्रवचनांपायी दोन तारखा हुकल्या होत्या. तिसरी उद्याची होती. पण उद्या ते मला गूढार्थ सांगणार होते. मी संकोचाने मान हलवली आणि आणखी भात घेतला.

संध्याकाळी जवळच्या सभागृहात प्रवचन झालं. कथा हत्तीची: तळ्यात मगरीने पाय धरला, हत्तीने सोंडेत कमळ उचलून हाक मारली, देव धावत आला. शब्द जे सांगतात तो अक्षरार्थ. रूपकात हत्ती म्हणजे जीव, तळं संसार, मगर आसक्ती. इथे मनमानी चालत नाही, व्यंकटरावांनी बजावलं. जोडी कथेत शेवटपर्यंत टिकली पाहिजे आणि परंपरेतल्या इतर वचनांशी जुळली पाहिजे. गूढार्थ ही तिसरी जोडी नव्हे. तिथे ऐकणाराच हत्ती होतो, मग हाक मारणारा आणि धावणारा वेगळे उरत नाहीत. वरचे मजले चढलात म्हणून तळमजला पाडायचा नसतो, हेही त्यांनी सांगितलं. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याला मगर ठरवून टाकलं होतं. ते जरा हिरमुसले.

सकाळी इडली खाताना कावेरीबाईंनी विचारलं, निघायचं ना?

"कावेरी, खरं आंधळेपण अज्ञानाचं," व्यंकटराव म्हणाले. "बाहेरचा डोळा हे रूपक."

मी हे वाक्य उतरवून घेतलं. अक्षर सुरेख आलं.

"सेरी (बरं)," बाई शांतपणे म्हणाल्या. "हत्तीनं हाक मारली तेव्हा देवानं त्याला अर्थ विचारला का?"

व्यंकटरावांनी हातातला घास खाली ठेवला. मग ते उठले, हात धुतले, कपाटातून दवाखान्याची फाईल काढली आणि बायकोचा हात धरून रिक्षात बसले. मला किल्ली कुठे ठेवायची तेवढं सांगितलं.

संध्याकाळी फोन आला: एका डोळ्याचं काम नीट झालं, दुसऱ्याचं महिन्याभराने. मला फार बरं वाटलं आणि तितकीच लाजही.

परतीच्या गाडीत वह्या चाळल्या. रूपकार्थाची अकरा पानं भरली होती. गूढार्थाबद्दल मी अजून काही बोलू नये. पण अक्षरार्थ मात्र बारा वर्षांत पहिल्यांदा कळला: शेजारी कुणीतरी हाक मारत होतं आणि मी भात वाढून घेत होतो.