पिवळ्या पाटीवरचा साडेचारचा भाव

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. पाचवीच्या वर्गात मी तीन दिवस बसलो, पण मास्तरांना माझं तोंड आवडलं नाही आणि मला त्यांचं. हे मी लाजून सांगत नाही. लाज मुलाला वाटायची. त्याचं लग्न जमत होतं तेव्हा त्याने मुलीकडच्यांना सांगितलं, "बाबा फायनान्समध्ये होते." मी तीस वर्षं पुण्याच्या आणि मुंबईच्या रेसकोर्सवर एका बुकीच्या स्टँडवर उभा होतो. बुकी तोंडाने भाव ओरडायचा आणि कुणी कोणत्या घोड्यावर किती लावले ते मी वहीत खतवायचो. त्या कामाला पेन्सिलर म्हणतात. कामाला लायसन होतं, पगार होता, दिवाळीला बोनसही होता. फायनान्स याहून वेगळं काय असतं ते मला अजून कुणी समजावलेलं नाही.

मुलगा नेवाडात हेंडरसनला राहायचा, लास वेगासला खेटून. मी कायमचा त्याच्याकडे आलो त्या दिवशी विमानतळावरच त्याने हात जोडले. "बाबा, प्लीज. हिच्या घरच्यांसमोर रेसचा विषय काढू नका." मी म्हटलं, "तुझ्या विमानतळावर जुगाराची मशीनं मांडली आहेत आणि विषय मी काढतोय?" तरी शब्द दिला. दिलेला शब्द मी मोडत नाही, ही माझी एक खोड आहे.

घरापासून चालत वीस मिनिटांवर एक कसिनो होता. झगमगाटाचा नाही, आसपासच्या म्हाताऱ्यांचा. शेजारी किराणा दुकान, समोर केस कापायचं दुकान. सकाळी दोन डॉलरला दोन अंडी, बटाटे आणि टोस्ट. नाकात ऑक्सिजनची नळी घातलेल्या बायका मशीनचा दांडा ओढत बसलेल्या असायच्या. मी नाश्त्याला जायचो आणि आतल्या बाजूला खेळांचे भाव लागतात त्या भिंतीसमोर चहा घेऊन बसायचो. पैसे लावायचो नाही. भाव वाचायचो. कुणी पेपर वाचतो, तसं.

एका जानेवारीत व्याही आले. उत्तरेकडच्या ट्रॉय गावाच्या बर्फातून पळून, एक महिन्यासाठी. मोठे डॉक्टर, नुकतेच रिटायर झालेले. आयुष्यभर लोकांच्या घशात डोकावल्यामुळे असेल, पण समोरच्याला तोंड उघडायची संधी ते फक्त तपासणीपुरतीच देत. विहीणबाईंना ऐकू येत नव्हतं. कधीकधी मला वाटायचं, बाईंनी हे ठरवून केलं असावं.

मी एकटा बाहेर पडतो म्हणून व्याहीही माझ्याबरोबर नाश्त्याला येऊ लागले. चौथ्या दिवशी त्यांनी बास्केटबॉलवर वीस डॉलर लावले आणि जिंकले. सहाव्या दिवशी पुन्हा जिंकले. सातव्या दिवसापासून ते तज्ज्ञ झाले.

फुटबॉलचे, म्हणजे इथे हाताने खेळतात त्या फुटबॉलचे, शेवटचे चार संघ उरले होते. त्या शुक्रवारी भिंतीखाली दोन पाट्या लागल्या. गुलाबी पाटीवर रविवारच्या एका सामन्याचा वाढवलेला भाव होता. पिवळ्या पाटीवर लिहिलं होतं, चौघांतल्या सगळ्यात कच्च्या संघाने अजिंक्यपद जिंकलं तर शंभराला चारशे द्यायचो, आता साडेचारशे देऊ.

व्याह्यांनी अंड्याचा काटा खाली ठेवला.

"अहो, हे बघा. पन्नास एक्स्ट्रा! फुकट!"

"हं," मी म्हटलं.

"दोन हजार लावतो. नऊ हजार येतील."

"एवढे रोख कुठून आणलेत?"

"हिच्या कानाच्या मशीनचे आहेत. मंगळवारी अपॉइंटमेंट आहे. पण ते मशीन बेसिक हो. नऊ हजारांत टॉपचं येईल, दोन्ही कानांना." मग आवाज उगाचच खाली आणून म्हणाले, "तिला अजून सांगितलं नाहीये."

सांगितलं असतं तरी काय ऐकू आलं असतं म्हणा.

आता माझी पंचाईत झाली. भाव खोटा आहे हे मला भिंत वाचताना दिसलं होतं. पण ते कसं दिसलं हे सांगायचं तर तीस वर्षं उलगडावी लागणार होती आणि मुलाला शब्द दिलेला होता. मी आधी आडून प्रयत्न केला.

"व्याहीबुवा, जाऊ द्या. मला हा भाव बरा वाटत नाही."

"तुम्हाला काय कळतंय यातलं?" ते हसून म्हणाले. "अकाउंट्स वेगळं, हे प्रोबॅबिलिटी आहे. मेडिकलला आम्हाला स्टॅटिस्टिक्स होतं."

नुसते विहीणबाईंच्या कानाचे पैसे जाणार असते तर कदाचित मी गप्प बसलो असतो. पण तुम्हाला काय कळतंय, हे मी पाचवीच्या मास्तराचंही ऐकून घेतलं नव्हतं.

त्या कसिनोत टेबलाटेबलावर केनो नावाच्या आकड्यांच्या जुगाराची कोरी चिठोरी आणि काळ्या खडूच्या कांड्या ठेवलेल्या असत. मी एक कांडी उचलली, चिठोरं उलटं केलं.

"भिंतीवर चारी संघांचे भाव आहेत. पहिल्याला शंभराला दीडशे. मग शंभर परत हातात यायला त्याच्यावर किती लावावे लागतील?"

"अं..."

"चाळीस. चाळीस आपले आणि साठ त्यांचे. दुसऱ्याला दोनशे आहे, तिथे तेहेतीस आणि वर थोडे. तिसऱ्याला तीनशे, म्हणजे पंचवीस. तुमच्या लाडक्याला पाटी लागायच्या आधी चारशे होता, म्हणजे वीस. आता चारी संघांवर एवढे एवढे लावले, तर कुणीही जिंको, आपल्याला शंभर मिळणार. लावले किती?"

व्याह्यांनी मनात बेरीज केली. "एकशे अठरा."

"एकशे अठरा देऊन शंभर घ्यायचे. वरचे अठरा हे भिंतीचं भाडं. ते सगळ्यांच्या भावात मिसळलेलं असतं. भाडं काढून टाका. वीसला एकशे अठराने भागलं की तुमच्या संघाचा खरा वाटा शंभरात सतरा. सतराला त्र्याऐंशी. म्हणजे सचोटीचा भाव शंभराला चारशे नव्वदच्या आसपास. हे वाढवून वाढवून देतात साडेचारशे. शिवाय सगळ्यात कच्च्या घोड्यावर बुकी जास्तच कापतो, म्हणून खरा भाव याच्याही वर असेल, खाली नाही."

"म्हणजे वाढवूनही..."

"आधी खिसा कापला आणि मग तिकिटाला पैसे दिले. असे दोन हजार पुन्हापुन्हा लावत राहिलात तर दर वेळी सरासरी एकशे चाळीस भिंतीला घालाल."

व्याही चिठोऱ्याकडे बघत राहिले. मी नकळत आकड्यांना रेसकोर्सच्या वहीतल्या खुणा केल्या होत्या.

"हे अकाउंट्समध्ये शिकलात?"

मी कांडी कानामागे खोचली. ती तिथे आपसूक जाते.

"रेसकोर्सवर. बुकीकडे. तीस वर्षं."

"म्हणजे तुम्ही बुकी?"

"बुकी नाही, बुकीचा पेन्सिलर. बुकीला स्वतःचा घोडा लक्षात ठेवावा लागायचा, मला सगळ्यांचे."

"पण जावईबापू तर म्हणाले होते, फायनान्स..."

"तो कॉम्प्युटरवाला आहे. त्याला काय कळतंय?"

एवढं होऊनही माणूस पटकन नमला नाही. डॉक्टर लोकांना दुसरं मत लागतं. म्हणाले, "मग त्या गुलाबी पाटीत तरी काय वेगळं आहे?"

"ते तुम्हीच खिडकीवर विचारा. गुलाबीवर जास्तीत जास्त किती घेता, आणि पिवळीवर किती."

ते ऐटीत गेले आणि दोन मिनिटांत पडलेला चेहरा घेऊन आले.

"गुलाबीवर कसिनोच्या एका मेंबर-कार्डाला पन्नास डॉलर, एकदाच. पिवळीवर ती बाई म्हणते, ॲज मच ॲज यू लाइक, हनी."

"हनी म्हणाली?"

"हो."

"मग बघा. देणाऱ्याला जिथे दुखतं तिथे तो हात आखडतो. जिथे हनी म्हणतो तिथे दुखत नाही."

गुलाबीचा हिशेब सोपा होता. त्या सामन्यात यजमान संघ साडेतीनपेक्षा जास्त गुणांनी जिंकेल की नाही, एवढंच. एरवी दोन्ही बाजूंना भाव सारखा, एकशे दहा लावा तेव्हा शंभर मिळवा. दोन्हीकडे लावले तर दोनशे वीस देऊन दोनशे दहा परत. भाडं काढलं तर भाव बरोबरीचा, रुपयाला रुपया. गुलाबीवर मात्र यजमानांच्या बाजूला शंभराला एकशे दहा देत होते. हा भाव खरा वाढीव.

"मग दोन हजार गुलाबीवर!" व्याही उठलेच.

"पन्नास, व्याहीबुवा. पन्नासला पंचावन्न. दोनदा खेळलात तर एकदा पन्नास जाणार, एकदा पंचावन्न येणार. दोन खेळांत पाच. एका खेळाला अडीच डॉलर."

"अडीच?"

"सरासरीने."

"एवढं डोकं चालवून अडीच डॉलर?"

"तेवढ्यासाठीच तर पन्नासची अट आहे. दोन हजार घेतले असते तर शंभर झाले असते. ते देतील होय?"

आम्ही दोघांनी आपापल्या कार्डावर पन्नास पन्नास लावले. रविवारी यजमान संघ तीन गुणांनी जिंकला. अर्धा गुण कमी पडला. शंभर डॉलर गेले. व्याही दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घरात त्यामुळे बरं वाटलं. मंगळवारी कानाचं मशीन आलं.

आणि दोन आठवड्यांनी तो कच्चा संघ अजिंक्य झाला.

टीव्हीसमोर सगळे होते. मुलगा, सून, विहीणबाई. व्याही उभे राहिले, लाल झाले आणि सवयीप्रमाणे बायकोच्या डोक्यावरून मला ओरडले, "नऊ हजार! नऊ हजार घालवलेत तुम्ही माझे! तुमच्या त्या रेसकोर्सच्या अकलेपायी! हिच्या कानाचे दोन हजार लावणार होतो, तुम्ही अडवलंत!"

मुलाने डोळे मिटले. विहीणबाईंनी मशीनवर बोट ठेवलं, जरा फिरवलं आणि मान वळवली.

"माझ्या कानाचे?"

व्याही बसले.

"आणि तुम्ही अडवलंत?" बाईंनी मला विचारलं. "कसं?"

मी मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, "सांगा आता. राहिलंय काय?"

मग मी पुन्हा कागद घेतला. बाईंनी सगळं नीट ऐकलं, एकदाही काय म्हणालात असं न विचारता. व्याही मधूनमधून कण्हत होते, "पण तो जिंकला ना हो." मी म्हटलं, "जिंको. शंभरात सतरा वेळा जिंकणारच होता, त्यातली ही एक. भाव वाईट होता तो वाईटच." आजही माझं हेच मत आहे आणि व्याह्यांचं अजून दुसरं.

बाई म्हणाल्या, "त्या पन्नासच्या पाटीवर एका कार्डाला एकदाच ना? मग मला कार्ड मिळेल?"

पुढच्या शनिवारी बास्केटबॉलवर पुन्हा गुलाबी पाटी लागली. तीन कार्डं, सरासरीने साडेसात डॉलर. तिघांचा नाश्ता सहाचा आणि वर दीड डॉलर टीप. खिडकीवरची बाई विहीणबाईंना हनी म्हणाली. विहीणबाईंनी कानावर हात नेला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हनी म्हणाली. आता लावू की नको?"