कंसातला राग आणि मोडलेली शिडी

तिसरीला भाषा शिकवणाऱ्या बाईंना शाळेत सगळे मागून ‘गोंधळबाई’ म्हणत. हे नाव ठेवलं होतं शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या सरांनी. दोन वर्गांमधली भिंत नावापुरतीच होती, त्यामुळे इकडे मुलं गोष्टीचं नाटक करू लागली आणि त्यातला वाघ डरकाळी फोडू लागला की तिकडे सातचा पाढा सतरा ठिकाणी अडखळायचा. बाईंना हे नाव ठाऊक होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. शांत वर्गात मुलं शिकत नाहीत, झोपतात, असं त्यांचं ठाम मत होतं. हे मत त्या शिक्षकांच्या खोलीत भर चहाच्या वेळी बोलून दाखवत, तिथेच सगळं बिघडत असे.

शेवटी सरांनी तक्रार केली आणि मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, गोंधळबाईंना बोलावून घेतलं.

“तुमच्या वर्गात मजा येते, कबूल,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पण नाटकात बोलतात चौघं, आणि बाकीची एकमेकांना चिमटे काढतात. गुरुवारी मी येऊन बसते. बघणाऱ्या मुलांनाही गोष्ट कळलीय असं दिसलं तर चालू द्या. नाहीतर शुक्रवारपासून धडा वाचायचा, फळ्यावरची उत्तरं उतरवून घ्यायची, आणि शांतता.”

“हो बाई,” असं म्हणून गोंधळबाई बाहेर पडल्या. एरवी त्यांची जीभ कात्रीसारखी चालायची, पण मोठ्या बाईंसमोर ती टाळूला चिकटत असे. आपलं नाटक बंद होणार याची त्यांना भीती वाटत होती, पण त्यातलं एक अक्षरही त्यांना बोलता आलं नाही.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी गोष्ट मांडून घेतली. गोष्ट साधीच होती. शिंपी शेजाऱ्याकडून शिडी मागून आणतो, शेळी धडक देते, शिडी मोडते, आणि शिंपी रोज नवी थाप मारत राहतो. ‘शेजाऱ्याने शिडी परत मागितली’ हे वाक्य नाटकात चालत नाही. तिथे शेजाऱ्यालाच दारात उभं करून “अहो, माझी शिडी द्या,” असं म्हणायला लावावं लागतं. जे कोणीच बोलत नाही पण कळायला तर हवं, ते बाईंनी निवेदकाला दिलं. दोन मुलांना बोलायचा संकोच वाटायचा, त्यांची मिळून शिडी केली.

मग घरच्यांना कामाला लावलं. लिफ्ट दुरुस्त करणारा नवरा शिंपी झाला, सासूबाई शेजारी. सासूबाईंनी राग असा काही काढला की नवऱ्याने हातातला कागद खाली ठेवला आणि न केलेल्या चुकीची माफी मागितली. बाई खूश झाल्या. मुलांनाही असंच जमावं म्हणून त्यांनी प्रत्येक वाक्याआधी कंसात सूचना घातल्या. रागाने, हात कमरेवर ठेवून. घाबरून, घाम पुसत.

बघणाऱ्यांसाठी त्यांनी कार्डं केली. पहिल्या गटाने पात्राला काय वाटतंय आणि ते कशावरून कळलं हे टिपायचं. दुसऱ्याने गोष्टीतलं काय नाटकात आलं नाही ते शोधायचं. तिसऱ्याने एक प्रश्न तयार ठेवायचा. नाटक संपलं की पात्र खुर्चीत बसणार आणि पात्र म्हणूनच उत्तर देणार. रिकाम्या हाताने कोणी बसणार नव्हतं.

सगळं कसं चोख झालं, फक्त तालीम राहिली. बुधवारी एक शिक्षिका रजेवर गेल्या आणि बाईंना त्यांच्या वर्गावर पाठवलं. मुलांनी संवाद घरीच पाठ केले. आणि वर्षभर बाईंनी मुलांच्या डोक्यात काय भरलं होतं? तर लिहिलेला एकही शब्द गाळायचा नाही.

गुरुवारी मोठ्या बाई मागच्या बाकावर बसल्या. कार्डं वाटणाऱ्या मुलीने त्यांच्याही हातात तिसऱ्या गटाचं एक कार्ड ठेवलं.

शेजारी पुढे आला. हात खाली सोडून, सरळ उभा राहून तो म्हणाला, “रागाने, हात कमरेवर ठेवून, अहो, माझी शिडी कुठे आहे.”

शिंपी म्हणाला, “घाबरून, घाम पुसत, उद्या नक्की देतो.”

शेळीने जागेवरून हलण्याचे कष्ट न घेता सांगितलं, “पळत येऊन शिडीला धडक देते, बें.” शिडी बिचारी धडकेची वाट पाहून थकली आणि आपली आपणच पडली.

गोंधळबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मधे थांबवावं तर अब्रू जाणार, न थांबवावं तर नाटक जाणार. त्यांनी हातातला खडू घट्ट धरला.

नाटक संपल्यावर पहिला गट उभा राहिला. “शिंप्याला भीती वाटत होती.”

“कशावरून कळलं?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“तोच म्हणाला ना, घाबरून.”

गटाच्या सगळ्या कार्डांवर हेच उत्तर होतं आणि सगळी उत्तरं बरोबर होती. दुसऱ्या गटाने सांगितलं की गोष्टीतलं काहीच सुटलं नाही, उलट जास्तच आलं.

शिंपी खुर्चीत बसला. मोठ्या बाईंनी आपलं कार्ड वाचलं, चष्मा सारखा केला आणि तिसऱ्या गटातर्फे प्रश्न टाकला. “शिंपीदादा, शिडी मोडली त्याच दिवशी का नाही सांगितलंत?”

मुलाने कागद उलटसुलट पाहिला. उत्तर कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्याने कागद मांडीवर पालथा ठेवला.

“सांगणार होतो,” तो हळूच म्हणाला. “दारापर्यंत गेलो पण होतो. पण ते माझ्याकडे बघून हसले. हसणाऱ्या माणसाला कसं सांगणार, तुमची शिडी मोडली म्हणून?”

“अरे, पण सांगायचं ना,” शेजारी जागेवरूनच ओरडला. या वेळी त्याचे हात आपसूक कमरेवर गेले होते. “मी काय तुला खाल्लं असतं?”

“धडक मी दिली,” शेळी म्हणाली, “आणि मला कोणी काही विचारतच नाही.”

“तू नाही दिलीस, आम्ही उगाच पडलो,” शिडीचा अर्धा भाग म्हणाला. त्या मुलाचा आवाज वर्गाने पहिल्यांदाच ऐकला. दुसरा अर्धा म्हणाला की आधी तूच सुटलास. मग सगळेच एकदम बोलू लागले आणि पलीकडून गणिताच्या सरांनी भिंत ठोकली.

एवढ्यात पहिल्या गटातली एक मुलगी पेन्सिल घेऊन मोठ्या बाईंसमोर उभी राहिली. “तुम्हाला आधी राग आला होता. आता हसू येतंय.”

“मी तर तसं काही बोलले नाही.”

“म्हणून तर बघावं लागलं. ओठ घट्ट मिटलेत, पण खांदे हलतायत.” मग ती वळली. “आणि आपल्या बाई घाबरल्यात. त्यांच्या मुठीतून पीठ पडतंय.”

गोंधळबाईंनी मूठ उघडली. खडूचा भुगा झाला होता. सगळा वर्ग त्या पांढऱ्या हाताकडे बघत राहिला.

“नाटक बंद होईल म्हणून?” मोठ्या बाईंनी विचारलं.

गोंधळबाईंनी मान डोलावली.

“अहो, मग त्या दिवशी सांगायचं ना,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांचे हात कमरेवर गेले. “मी काय तुम्हाला खाल्लं असतं?”

गोंधळबाईंनी डोळे पुसले, तर खडू गालाला लागला. “हो बाई,” त्या म्हणाल्या. “खाल्लं असतंत.”

पेन्सिलवाल्या मुलीने ते लिहून घेतलं आणि मोठ्या बाईंना विचारलं, आता तुम्हाला काय वाटतंय?

“लाज,” मोठ्या बाई म्हणाल्या. “लिही. आणि पुढच्या गुरुवारी मी पुन्हा नाटक बघायला येणार आहे, हेही लिही.”